बघून कळतं, कोऱ्या कागदावर अडतं

पत्र

सर, मी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा. वय 26. आयटीआय टर्नर करून उद्यमबागेत एका शॉपमध्ये सीएनसी लेथवर ऑपरेटर आहे, पाच वर्षं झाली. शिफ्ट दर आठवड्याला बदलते, फर्स्ट, सेकंड, नाईट. मला प्रोग्रामिंग शिकायचंय. वर्षभर व्हिडिओ बघालोय. बघताना सगळं कळतं, पण ड्रॉइंग समोर ठेवून कोऱ्या कागदावर लिहायला बसलो की दोन ओळींच्या पुढं सरकत नाही. रविवारी पाच-सहा तास बसतो, मग आठवडाभर वही उघडत नाही. पुण्यात तीन महिन्यांचा कोर्स आहे, पण त्यासाठी नोकरी सोडावी लागेल आणि घरचे नको म्हणालेत. पाच वर्षं मशीनवर काढून मला हे का जमत नाही? डोकंच कमी आहे का?

उत्तर

डोक्याचं नंतर बघू. आधी या पाच वर्षांचा हिशोब मांडू, कारण तुम्ही तो चुकीच्या खात्यावर लिहिलाय.

शिफ्टमध्ये तुमचे हात काय करतात? जॉब चकमध्ये धरायचा, सायकल स्टार्ट दाबायचं, निघालेला नग मायक्रोमीटरने मोजायचा, व्यास दोन शतांश वाढला तर ऑफसेटमध्ये तेवढं कमी करायचं, इन्सर्टची धार गेली की तो फिरवायचा. ही कामं तुम्हाला झोपेतही येत असतील. पण या पाच वर्षांत ड्रॉइंग बघून "आता टूलने कुठल्या बिंदूला जायचं" हे तुम्ही स्वतः किती वेळा ठरवलंत? ते सेटर किंवा प्रोग्रामर ठरवतो आणि तुमच्यापुढे तयार प्रोग्राम येतो. म्हणजे ऑपरेटर म्हणून तुमचे हजारो तास झालेत आणि प्रोग्रामर म्हणून जवळजवळ एकही नाही. जमत नाही यात नवल कसलं?

मी स्वतः उद्यमबागेतच लेथवर होतो तेव्हा आमचे एक वयस्कर सेटर मला म्हणायचे, "काम करालास रे, शिकालास कुठं?" तेव्हा राग यायचा. पुढे टर्नरच्या पोरांना शिकवायला लागलो तेव्हा त्या वाक्याची किंमत कळली. अँडर्स एरिक्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने 1993 मध्ये बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिन शिकणाऱ्यांवर दोन सहकाऱ्यांसह एक निबंध लिहिला. त्यात त्याने काम, खेळ आणि हेतुपूर्वक केलेला सराव हे तीन वेगळे मांडलेत. कामात आपण जे येतं तेच बिनचूक करतो, कारण नग खराब झाला तर मालक विचारतो. सरावात मात्र जे येत नाही नेमकं तेच पुन्हापुन्हा करायचं असतं, चूक लगेच दिसावी अशी सोय करायची असते आणि ती दुरुस्त करून परत करायचं असतं. तुमच्या गावातल्या भजनी मंडळात वीस वर्षं तेच दोन ठेके वाजवणारा पखवाजवाला असेलच. त्याचा हात चांगला असतो, पण तिसरा ठेका मागा, बघा काय होतं.

आता व्हिडिओंचं. बघताना कळतं हे खोटं नाही, पण तयार उत्तर ओळखणं आणि रिकाम्या जागेतून ते काढणं ही डोक्याची दोन निराळी कामं आहेत. रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले होते. काहींनी उतारा परत परत वाचला, काहींनी एकदा वाचून तो मिटला आणि आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा परत वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. तुम्ही व्हिडिओ संपल्या संपल्या स्वतःला तपासता आणि सगळं येतंय असं वाटतं. तपासायला हवं सात दिवसांनी, कोऱ्या कागदावर.

म्हणून पहिला बदल असा करा की व्हिडिओ शेवटी. आधी स्वतः लिहायचं, अडल्यावर किमान दहा मिनिटं अडून राहायचं, मग फक्त त्या अडलेल्या जागेपुरता व्हिडिओ किंवा मॅन्युअल बघायचं आणि ते बंद करून पुन्हा लिहायचं. अडून बसण्याची ती दहा मिनिटं फार वाईट जातात. पण डोकं तेव्हाच काहीतरी शोधत असतं, त्यामुळे नंतर बघितलेलं चिकटतं.

तरी नुसतं "लिहा" म्हणून भागत नाही. घरी मशीन नाही, मग चूक कळणार कशी? माझ्या मते सगळा प्रश्न इथेच आहे, म्हणून यावर जरा जास्त बोलतो.

एक जॉब धरा. 40 व्यासाचा बार. पुढे 20 व्यासाची 25 मिलिमीटर लांब पायरी, टोकाला 1 मिलिमीटरचा 45 अंशाचा चॅम्फर. त्या पायरीच्या मुळाशी, जिथे ती खांद्याला भिडते तिथे, 3 रेडियसचा फिलेट, म्हणजे आतला गोल कोपरा. खांद्यानंतर 32 व्यास, पुढच्या तोंडापासून 45 मिलिमीटरपर्यंत. रफिंग, स्पिंडल, कूलंट सगळं सोडून द्या. फक्त शेवटच्या कटाचा आकार, म्हणजे प्रोफाइल, लिहा. फानुक कंट्रोलच्या पद्धतीने ते असं होतं:

```
G00 X18.0 Z2.0
G01 Z0 F0.15
X20.0 Z-1.0
Z-22.0
G02 X26.0 Z-25.0 R3.0
G01 X32.0
Z-45.0
X42.0
```

आठच ओळी. माझ्याकडे शिकायला आलेल्यांपैकी बहुतेकांची गाडी पाचव्या ओळीत घसरते. फिलेट 3 चा, म्हणून 20 मध्ये 3 मिळवून X23.0 लिहितात. लेथवर X म्हणजे व्यास, त्यामुळे रेडियसचे 3 दोन्ही बाजूंनी धरावे लागतात आणि उत्तर 26 येतं. तुम्ही म्हणाल, एवढी मोठी चूक मशीन पकडेलच. नाही पकडणार. 20 वरून 23 ला 3 रेडियसची कमान भूमितीने काढता येते, म्हणून कंट्रोल अलार्म न देता ती निमूट कापतो. एका शॉपमध्ये माझी अशीच 14 नगांची थप्पी रेडियस गेजला बसली नाही आणि स्क्रॅपच्या डब्यात गेली. सुपरवायझर काय बोलले ते सदरात छापण्यासारखं नाही.

तर मशीन जे सांगत नाही ते घरी आलेख कागद सांगतो. शाळेतला मिलिमीटरचा आलेख कागद घ्या आणि चारपट प्रमाण धरा. आडवा अक्ष Z, उभा X. Z ची संख्या चौपट करून तेवढे बारीक चौकोन डावीकडे जायचं. X व्यासात असल्यामुळे तो दुप्पटच करायचा, म्हणजे आपोआप त्रिज्या चौपट होते. X26.0 Z-25.0 म्हणजे वर 52, डावीकडे 100. लिहिलेल्या प्रत्येक ओळीचा बिंदू मांडायचा आणि जोडत जायचं. कमान आली की कंपासपेटीतला राउंडर काढायचा. या फिलेटचं केंद्र X26.0 Z-22.0 ला, म्हणजे वर 52 आणि डावीकडे 88 वर येतं आणि राउंडर 12 मिलिमीटर उघडायचा. तुमचा बिंदू बरोबर असेल तर वर्तुळ त्याच्यावरून जातं. X23.0 लिहिलं असेल तर तुमचा बिंदू 46 वर पडतो, वर्तुळाच्या बाहेर, बरोबर बिंदूच्या चांगला 6 मिलिमीटर खाली. ते डोळ्यांना दिसतं, कुणी सांगायला लागत नाही.

मोबाईलवर, कंप्युटरवर सिम्युलेटर मिळतात आणि ते वापरायला माझी ना नाही. पण पहिले दोन महिने आधी कागद, मग सिम्युलेटर. बटण दाबून रेघ उमटली की आपण "बरोबर आहे की" म्हणून पुढे जातो. हाताने बिंदू मांडताना प्रत्येक आकड्याशी थांबावं लागतं आणि तिथेच शिकणं होतं.

जॉबची ड्रॉइंग कुठून आणायची? कंपनीतल्या ड्रॉइंगचा मोबाईलने फोटो काढून घरी आणू नका. ती गिऱ्हाइकाची असतात, त्यापायी नोकरी जाऊ शकते. घरात, शेतात गोल वस्तू पडलेल्याच आहेत. पंपाच्या शाफ्टचा जुना तुकडा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची पिन, स्कूटरचा एक्सल. व्हर्नियरने मोजा, कागदावर स्वतः ड्रॉइंग काढा आणि त्याचं प्रोफाइल लिहा. यात ड्रॉइंग वाचण्याचीही सवय होते. चालू प्रोग्राम बघायला सेटरची परवानगी असेल तर आणखी एक करता येतं. मशीनवर जॉब चालू असताना स्क्रीनवर पुढची ओळ यायच्या आत ती मनात म्हणायची. सायकल चालू आहे, तुम्ही नाही तरी उभेच आहात. मात्र चालू मशीनवर स्वतःच्या प्रोग्रामचे प्रयोग कुणाला न विचारता करायचे नाहीत. टूल चकवर आदळला तर टरेटचं अलाइनमेंट जातं आणि तुमचं नावही.

चूक दिसली की ती खोडून पुढे जाऊ नका. एक वेगळी पातळ वही करा, तिच्यात फक्त चुका. पण "फिलेट चुकला" असं लिहून उपयोग नाही, चूक कुठल्या टप्प्यावर झाली ते लिहायचं. ड्रॉइंग वाचताना चुकलो का? बिंदूचं गणित चुकलं का? गणित बरोबर होतं पण लिहिताना दशांश बिंदू राहिला का? हा शेवटचा प्रकार दिसतो क्षुल्लक, पण बऱ्याच कंट्रोलवर X20 म्हणजे 20 मिलिमीटर नसून 20 मायक्रॉन वाचलं जातं. की क्रमच चुकला, G02 नंतर सरळ रेषेसाठी G01 परत लिहायला विसरलात आणि कंट्रोल अजून कमानीच्याच मोडमध्ये राहिला?

निपाणीकडचा एक मुलगा माझ्याकडे यायचा, दिवसा नोकरी आणि संध्याकाळी हे. पहिल्या आठवड्यात त्याने पाच प्रोफाइल लिहिली. एकेकाला पाऊण तास लागला. आलेखावर मांडल्यावर नऊ चुका निघाल्या. तो खचला, म्हणाला मला काहीच येत नाही. वही उघडून टप्प्याप्रमाणे चुका लावल्या तर नवापैकी सहा कमानीच्या शेवटच्या बिंदूच्या होत्या. म्हणजे त्याला बाकी जवळजवळ सगळं येत होतं, एक गोष्ट येत नव्हती आणि ती प्रत्येक जॉबमध्ये भेटत होती.

मग पुढच्या आठवड्यात त्याने एकही पूर्ण प्रोफाइल लिहायचं नाही असं ठरवलं. रोज फक्त कोपरे, दहा-बारा. मी कागदावर लहान व्यास, खांद्याची जागा आणि रेडियस लिहून द्यायचो, त्याने कमान सुरू होण्याचा आणि संपण्याचा बिंदू तेवढा लिहायचा. पहिले दोन दिवस सगळे आतले कोपरे. त्यात लहान व्यासात रेडियसची दुप्पट मिळवायची असते. तिसऱ्या दिवशी हात बसला आणि तो न बघता लिहू लागला. त्याला वाटलं जमलं. मी त्या दिवशी मुद्दाम बाहेरचे कोपरे मिसळले. वरच्याच जॉबमध्ये 32 व्यासाच्या धारेला 2 रेडियस द्यायचा म्हटलं तर मोठ्या व्यासातून दुप्पट वजा होते. खांद्यावरून वर येताना X28.0 ला थांबायचं आणि मग G03 X32.0 Z-27.0 R2.0. दिशाही उलटी, G02 च्या जागी G03. बारापैकी पाच चुकले. त्याचं तोंड उतरलं, पण मला तेच हवं होतं. एकाच प्रकारची बारा उदाहरणं ओळीने सोडवली की हात नियम पाळतो आणि डोकं सुट्टीवर जातं. मिसळली की प्रत्येक वेळी आधी विचारावं लागतं, हा कोपरा आतला की बाहेरचा? खऱ्या ड्रॉइंगवर हाच प्रश्न येतो. तिथे कोपऱ्यावर कुणी पाटी लावलेली नसते. पाचव्या दिवसापर्यंत तो मिसळलेल्यातही एखाद-दुसराच चुकत होता. मग पुन्हा पूर्ण प्रोफाइल.

आता वेळेचं. तुमचा रविवारचा पाच-सहा तासांचा खुराक बंद करा. 1978 मध्ये बॅडली आणि लाँगमन यांनी ब्रिटनमधल्या टपाल कर्मचाऱ्यांना टंकफलक शिकवताना चार गट केले होते. एका गटाला दिवसाला एकच तास, एका गटाला दिवसातून दोनदा दोन-दोन तास आणि दोन मधले. रोज एक तास शिकणाऱ्यांना टंकफलक यायला सुमारे 35 तास लागले, रोज चार तासवाल्यांना सुमारे 50. त्यात एक गंमत आहे. सगळ्यात कमी तासांत शिकणारा एक तासवाला गटच आपल्या प्रगतीवर सगळ्यात नाराज होता, कारण दिवस जास्त लागत होते. तुम्हालाही तसंच वाटेल. रोजच्या छोट्या बैठकीत काही घडतंय असं वाटणार नाही आणि रविवारी सहा तास बसल्यावर जे भरून पावल्यासारखं वाटायचं ते मिळणार नाही. त्या वाटण्यावर जाऊ नका, चुकांच्या वहीवर जा.

फर्स्ट आणि सेकंड शिफ्टच्या आठवड्यात चार बैठका, प्रत्येकी 40 मिनिटांच्या. पहिली पाच मिनिटं मागच्या बैठकीतली चूक वही न उघडता पुन्हा बरोबर लिहायची. मग 25 मिनिटं नवा सराव, जो चुकांच्या वहीने ठरवलाय. शेवटची दहा मिनिटं तपासणी आणि नोंद. उठण्याआधी उद्याचा जॉब काढून ठेवायचा, कारण थकून आल्यावर "आज काय करू" हा विचार करण्यातच अर्धा तास जातो आणि मोबाईल हातात येतो. सुट्टीच्या दिवशी दीड तास. त्यात एक पूर्ण प्रोफाइल नवं आणि एक मागच्या आठवड्यातलं, तेही पुन्हा कोऱ्या कागदावर. मागच्या आठवड्यातलं जमलं नाही तर ते आलेलंच नव्हतं असं समजायचं आणि वहीत परत चढवायचं. एका आठवड्याचे झाले चार तास दहा मिनिटं. रविवारच्या तुमच्या बैठकीपेक्षा कमीच.

घड्याळाची वेळ मात्र ठरवू नका. तुमची शिफ्ट फिरते, "रोज संध्याकाळी सातला" हे तीन आठवड्यांत एकदाच जमेल. बैठक एखाद्या नेहमीच्या गोष्टीला बांधा. फर्स्ट असेल तर घरी येऊन जेवून, थोडं पडून उठल्यावरचा चहा. सेकंड असेल तर सकाळचा चहा. कप खाली ठेवला की वही उघडायची.

नाईटच्या आठवड्याचं गणित वेगळं. त्या आठवड्यात नवीन काही शिकायचं नाही. दोन बैठका, वीस-वीस मिनिटांच्या, फक्त जुन्या चुका पुन्हा लिहायला. दिवसाची झोप आधीच तुटकी असते, तिच्यातून अभ्यासाला तास काढलात तर शिकलेलंही धड बसत नाही आणि रात्री मशीनपुढे डुलकी लागली तर बोट जाईल. हा आठवडा वाया गेला असं समजू नका. थोडं विसरून पुन्हा आठवायला लागणं हासुद्धा सरावच आहे.

येळ्ळूर म्हणजे भातशेती आलीच. रोप लावणीच्या दिवसांत सुट्टीचा दिवस शेतातच जाणार, शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या आणि गणपतीच्या आठवड्यात वही उघडली जाणार नाही. ते आठवडे आत्ताच कॅलेंडरवर काट मारून ठेवा. त्या दिवसांत बैठक बुडाली म्हणून पुढच्या रविवारी भरपाईला बसायचं नाही. भरपाई करायला गेलात की तो सहा तासांचा रविवार मागच्या दाराने परत येतो.

क्रम असा ठेवा. पहिले सहा-सात आठवडे फक्त प्रोफाइल. त्यानंतर रफिंगची सायकल, G71. तिथे एक खड्डा आहे, आत्ताच सांगून ठेवतो. फानुकच्या दोन ओळींच्या G71 मध्ये U दोनदा येतो. पहिल्या ओळीतला U म्हणजे एका कटाची खोली, तीही एका बाजूची. दुसऱ्या ओळीतला U म्हणजे फिनिशिंगला ठेवायचा माल, तो व्यासावर. अक्षर तेच, अर्थ दोन. चुकांच्या वहीत याला एक पान राखून ठेवा. थ्रेडिंग आणि नोज रेडियसची भरपाई त्याच्याही नंतर. सगळं एकदम सुरू केलंत तर चूक कशामुळे झाली तेच कळणार नाही.

कागदावर न येणाऱ्या गोष्टीही आहेत. पातळ जॉब चकमध्ये दाबला जातो, लांब शाफ्ट कापताना थरथरतो आणि पृष्ठभागावर लाटा उठतात, चिप लांब निघून जॉबला गुंडाळते. यावर काय करायचं हे आलेख कागद सांगणार नाही, सेटर सांगेल. आणि इथे तुमची ती पाच वर्षं खरोखर कामाला येतात. चांगल्या कटाचा आवाज तुम्हाला ऐकून कळतो, नुसता कोर्स करून आलेल्याला तो कळायला वर्ष जातं. सेटरला "मला प्रोग्रामिंग शिकवा" म्हणू नका. त्यालाही शिफ्टचा आकडा गाठायचा असतो. आठवड्याला एक प्रश्न घेऊन जा, लिहून, स्वतःच्या उत्तरासकट. "मी इथे फीड 0.15 धरला असता, तुम्ही 0.1 का ठेवलाय?" अशा प्रश्नाला चहाच्या सुट्टीत उत्तर मिळतं. बेळगावात मराठी, कन्नड, हिंदी ज्या भाषेत तो मोकळेपणाने बोलतो त्या भाषेत विचारा.

राहिला पुण्याचा कोर्स. आत्ता नको. आत्ता गेलात तर तिथे शिक्षक फळ्यावर लिहील, तुम्हाला कळेल आणि परत आल्यावर कोऱ्या कागदावर पुन्हा अडाल. पैसे आणि नोकरी घालवून बघितलेला तो व्हिडिओच ठरेल. बारा कामाचे आठवडे वर सांगितल्याप्रमाणे काढा, मग स्वतःची परीक्षा घ्या. ज्यांचं प्रोफाइल तुम्ही पूर्वी कधी लिहिलं नाही अशा पाच जॉबची ड्रॉइंग दुसऱ्या कुणाला तरी मोजून काढायला सांगा. त्यांची प्रोफाइल प्रत्येकी वीस मिनिटांत लिहा आणि त्यानंतरच आलेखावर मांडा. पाचपैकी चार बिनचूक आली तर सेटरपुढे वही ठेवा आणि एक साधा जॉब त्याच्या देखरेखीखाली, सिंगल ब्लॉकवर, आधी जॉब न लावता चालवायची परवानगी मागा. तीही पायरी झाली आणि शॉपमध्ये पुढे शिकण्यासारखं उरलं नाही, किंवा तुम्हाला मिलिंग आणि कॅमकडे जायचं असेल, तर कोर्सचा विचार करा. तेव्हा घरच्यांपुढे ठेवायला तुमच्या हातात ती वही असेल. दोनच बिनचूक आली तर उरलेल्या तिनांच्या चुका टप्प्याप्रमाणे लावा, पुढच्या महिन्याचा सराव त्यातूनच निघेल.

डोक्याचं विचारलं होतं. पहिल्या आठवड्याची चुकांची वही मला पाठवा, ती बघून सांगतो. आलेख कागद घेताना मिलिमीटरचाच बघून घ्या, दुकानदार बऱ्याचदा सेंटिमीटरच्या मोठ्या चौकोनांचा देतो आणि त्याच्यावर 3 रेडियस दिसत नाही.

तुमचा,
जुना टर्नर